आधी छिद्रं मोजा, मग फळ्या जोडा

चपट्या खोक्यातून घरी येणाऱ्या फर्निचरसोबत एक घडीचं पत्रक असतं. त्यावर शब्द फार थोडे असतात, कधीकधी एकही नसतो. फळ्यांची चित्रं, त्यांवर आकडे, स्क्रूंची यादी आणि एकामागून एक आकृत्या, एवढाच त्याचा मजकूर. बहुतेक घरांत हे पत्रक बाजूला ठेवलं जातं, फळ्या जमिनीवर पसरल्या जातात आणि खोक्यावरच्या फोटोकडे बघत काम सुरू होतं. तासाभरानं एखादी फळी उलटी बसल्याचं लक्षात येतं. मग सगळं खोलावं लागतं, आणि पार्टिकल बोर्डाच्या बाबतीत खोलणं महागात पडतं. भुसा आणि गोंद दाबून केलेल्या या फळीत एकदा बसलेला स्क्रू काढून परत बसवला की छिद्राच्या भिंती झिजतात आणि पकड आधीसारखी राहत नाही. सागाच्या लाकडात सुतार जे चालवून घेतो, ते इथे चालत नाही.

हा व्यवहार भारतात आता चांगला रुळला आहे. स्वीडनच्या आयकियानं 2018 मध्ये हैदराबादला आणि डिसेंबर 2020 मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला दुकान उघडलं. त्याआधीपासून आणि त्यानंतरही अनेक भारतीय कंपन्या ऑनलाइन ऑर्डरवर असेच सुटे भाग घरी पाठवत आल्या आहेत. यामागचं कारण वाहतुकीचं आहे. आयकियाच्या इतिहासात त्याची सुरुवात 1956 ची सांगतात. गिलिस लुंडग्रेन नावाच्या तिथल्या कर्मचाऱ्याला एक टेबल मोटारीत मावेना, म्हणून त्यानं पाय काढून टाकले. पाय वेगळे केलेलं टेबल कमी जागेत जातं आणि वाटेत मोडतही नाही. फक्त जोडायचं काम गिऱ्हाइकाकडे येतं. कारागिराच्या डोक्यात असलेला क्रम मग कागदावर उतरवावा लागतो. पत्रक म्हणजे तो क्रम.

पत्रकात तीन गोष्टी असतात: फळ्यांची यादी, हार्डवेअरची यादी आणि टप्प्याटप्प्याच्या आकृत्या. या तिन्ही एकमेकींशी ताडून पाहता येतात, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. ताळा जुळला तर जोडणी कशी होणार हे पहिला स्क्रू फिरवायच्या आधीच कळतं.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. पुस्तकांचं उघडं कपाट, 180 सेंटिमीटर उंच, 80 रुंद, 30 खोल. फळ्या 18 मिलिमीटर जाडीच्या, पाठीला पातळ हार्डबोर्ड. पत्रकात फळ्यांना 1 ते 8 क्रमांक दिलेले आहेत. 1 ही डावी बाजू, 2 उजवी, 3 वरची, 4 खालची, 5 मधली कायम बसवायची, 6 सरकवता येणारी (अशा दोन), 7 तळाशी समोर दिसणारी अरुंद पट्टी, 8 पाठ. आठ क्रमांक आणि नऊ नग. फळीवरच्या चिकटपट्टीवर हाच क्रमांक छापलेला असतो. जोडणी पूर्ण होईपर्यंत ती पट्टी काढू नये.

आता हार्डवेअरची यादी. मिनिफिक्सचे बोल्ट 14, मिनिफिक्सच्या चकत्या 14, लाकडी डॉवेल 16, फळीखाली लावायच्या पिना 8, खिळे 24, भिंतीला धरून ठेवणारी एक पट्टी, तिच्यासाठी दोन आखूड आणि दोन लांब स्क्रू. ही यादी वाचून लोक पिशवीतले नग मोजतात आणि पुढे जातात. मोजायलाच हवेत, पण त्या आकड्यांना आणखी एक प्रश्न विचारायला हवा: 14 च का?

उत्तर फळ्यांमध्ये सापडतं. वरची, खालची आणि मधली या तीन फळ्या दोन्ही टोकांना बाजूच्या फळ्यांशी जोडल्या जातात. प्रत्येक टोकाला दोन मिनिफिक्स, म्हणजे फळीमागे चार आणि तिघींचे मिळून बारा. तळाच्या पट्टीला प्रत्येक टोकाला एक, असे आणखी दोन. एकूण 14. डॉवेलचाही हिशेब तसाच जुळतो: चारही आडव्या तुकड्यांना प्रत्येक टोकाला दोन, म्हणजे 16. आठ पिना म्हणजे सरकत्या दोन फळ्यांखाली प्रत्येकी चार. खोकं उघडण्याआधी, नुसत्या यादीवरून, कुठली फळी कायमची आणि कुठली हलती हे समजलं. आणि पहिल्या टप्प्यात 1 आणि 2 या फळ्यांवर प्रत्येकी सातच बोल्ट बसायला हवेत, हेही समजलं. आठवं छिद्र भरायचा मोह झाला तर कुठेतरी चुकतंय.

हा मोह खरोखर होतो आणि त्याला कारण आहे. फर्निचरच्या कारखान्यांत 32 मिलिमीटरची एक पद्धत जगभर चालते. बाजूच्या फळीवर पुढच्या कडेपासून 37 मिलिमीटर आत एक सरळ रांग धरतात आणि तिच्यात 32 मिलिमीटरच्या अंतरानं 5 मिलिमीटर व्यासाची छिद्रं पाडतात. सरकत्या फळ्यांच्या पिना या छिद्रांत बसतात. मिनिफिक्सचा बोल्टही बऱ्याचदा 5 मिलिमीटरच्याच छिद्रात आणि त्याच रांगेत बसतो. त्यामुळे मधल्या फळीचा बोल्ट एक छिद्र वर किंवा खाली लागला तरी तो तितक्याच घट्टपणे बसतो. चूक हाताला कळत नाही. ती कळते पाचव्या टप्प्याला, जेव्हा फळीचं टोक आणि बोल्ट समोरासमोर येत नाहीत.

ओळखायची खूण मात्र चित्रातच असते. जिथे कायमची फळी बसते, तिथे बोल्टच्या लहान छिद्राशेजारी डॉवेलसाठी 8 मिलिमीटरचं मोठं छिद्र असतं. पिनांच्या छिद्रांना असा मोठा शेजारी नसतो. चांगल्या पत्रकात बाजूच्या फळीचं चित्र सगळ्या छिद्रांसकट काढलेलं असतं. ते सजावटीसाठी नसतं. वरच्या टोकापासून छिद्रं मोजत यावं आणि बोल्ट ज्याच्यात दाखवला आहे त्याचा क्रमांक धरावा. पत्रकावरचं सगळ्यात नेमकं लिखाण म्हणजे ही छिद्रं. फळीचा आकार फसवू शकतो, कारण 1 आणि 2 या दोन्ही फळ्या दुरून एकसारख्या दिसतात. छिद्रं फसवत नाहीत.

डावी-उजवीचा गोंधळही छिद्रांनीच सुटतो. चिकटपट्टी निघून पडली असेल तर दोन्ही बाजूंच्या फळ्या आतली अंगं वर करून शेजारी ठेवाव्यात. ज्या लांब कडेवर पट्टी चिकटवून ती गुळगुळीत केली आहे ती पुढची कड. पाठीमागच्या कडेला अनेकदा भुशाचा रंग उघडा दिसतो. दोघींच्या पुढच्या कडा एकमेकींना लावल्या आणि तळाच्या पट्टीची छिद्रं आपल्यापासून लांबच्या टोकाला आणली की दोन फळ्या एकमेकींची आरशातली प्रतिमा दिसल्या पाहिजेत. तशा दिसल्या तर डाव्या हाताची डावी, उजव्या हाताची उजवी. आकृतीत एकच फळी काढून शेजारी दोनदा करण्याची खूण दिलेली असते, तिथे लोक दोन्ही फळ्यांवर हुबेहूब तीच कृती करतात. ती कृती आरशातून बघितल्यासारखी उलटवून करायची असते.

दुसऱ्या टप्प्यात आकृती एका वर्तुळात मोठी करून दाखवलेली असते. पत्रकात वर्तुळ आलं की थांबायचं, कारण चित्रकारानं ते उगाच काढलेलं नसतं. इथे ते मिनिफिक्सचं असतं. हा सांधा कसा काम करतो हे समजलं की वर्तुळातली प्रत्येक रेघ बोलू लागते. बोल्ट बाजूच्या फळीत स्क्रूसारखा बसतो आणि त्याचं गोल डोकं बाहेर राहतं. साधारण 15 मिलिमीटर व्यासाची धातूची चकती आडव्या फळीच्या पृष्ठभागावरच्या छिद्रात बसते. तिच्या पोटात एक वाकडी खाच असते. फळी बोल्टवर सरकवली की डोकं त्या खाचेच्या तोंडातून आत शिरतं आणि चकती स्क्रू ड्रायव्हरनं फिरवली की खाच डोक्याला आत ओढते. दोन फळ्या एकमेकींवर आवळल्या जातात.

यात बिघडण्याच्या जागा दोन. चकतीच्या माथ्यावर एक बारीक बाण असतो. तो बाण फळीच्या टोकाकडे, म्हणजे जिथून बोल्ट येणार तिकडे, वळवूनच चकती छिद्रात टाकायची. बाण भलतीकडे असेल तर खाचेचं तोंड बंद राहतं आणि फळी बोल्टवर पूर्ण सरकत नाही. अशा वेळी हातोडी घेऊन फळी ठोकली तर छिद्राची कड फुटते. दुसरी जागा बोल्टच्या खोलीची. बोल्टवर एक कंगोरा असतो. तो फळीला टेकेपर्यंतच बोल्ट फिरवायचा. कंगोरा वर राहिला तर चकती कितीही फिरवली तरी फळ्यांत फट राहते. जास्त आवळला तर डोकं खोल जातं आणि खाचेला सापडत नाही. म्हणूनच कित्येक पत्रकांवर ड्रिल मशीनवर फुली मारलेली असते: मशीनचा वेग भुशाच्या फळीतले आटे क्षणात खाऊन टाकतो. चकती साधारण अर्धं वर्तुळ फिरली की सांधा आवळला जातो. घट्ट लागताच थांबावं. अर्ध्याहून बरंच जास्त फिरूनही ती सैलच लागत असेल, तर बोल्टचं डोकं आत सापडलेलंच नाही.

यापुढच्या टप्प्यांत खरा प्रश्न क्रमाचा. आपल्या कपाटात डावी फळी जमिनीवर आडवी ठेवून तिच्यावर वरची, खालची आणि मधली फळी उभ्या केल्या जातात, मग तळाची पट्टी, आणि शेवटी उजवी फळी वरून झाकणासारखी बसते. तळाची पट्टी लहान आणि बिनमहत्त्वाची वाटते, म्हणून तीच विसरली जाते. पण ती दोन बाजूंच्या मध्ये डॉवेलवर बसते. उजवी फळी आवळल्यावर तिला आत शिरायला वाट उरत नाही. सहा मिनिफिक्स सैल करून उजवी बाजू पुन्हा उचलावी लागते. खालच्या फळीच्या चकत्यांची तोंडं जमिनीकडे असतात. तीही कपाट उभं करण्याआधीच फिरवून घ्यायला हवीत. त्यासाठी सगळ्या आकृत्या सुरुवातीलाच एकदा ओळीनं बघाव्यात आणि प्रत्येक आकृतीत आधीच्या आकृतीपेक्षा नवीन काय आलं एवढंच शोधावं.

आकृत्या अशा का काढतात, यावर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अभ्यास झाला आहे. मनीश अगरवाला, बार्बरा ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2003 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना टीव्ही ठेवायचं एक लहान स्टँड जोडायला दिलं. पत्रक दिलं नाही, फक्त खोक्यावरचं चित्र दिलं. जोडून झाल्यावर त्याच लोकांना सांगितलं की आता दुसऱ्यासाठी सूचना तयार करा. त्यातून दिसलं की लोकांना एकेक मोठा भाग एकेका टप्प्यात आलेला हवा असतो, बसवायचा भाग जोडण्याच्या जागेपासून थोडा लांब काढून बाणानं तिकडे नेलेला हवा असतो, आणि आधीच्या टप्प्यातला सांगाडा नव्या चित्रात ओळखता आला पाहिजे असतो. या तत्त्वांवर त्यांनी संगणकाकडून आकृत्या काढून घेतल्या. त्या वापरणाऱ्यांना कारखान्याच्या पत्रकापेक्षा कमी वेळ लागला आणि चुकाही कमी झाल्या.

वाचणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. आपल्या हातातल्या पत्रकात एकाच आकृतीत तीन फळ्या आणि चार प्रकारचे स्क्रू कोंबलेले असतील, तर तो टप्पा पेन्सिलनं तोडून घ्यावा आणि एकेका फळीला क्रमांक द्यावा. स्वस्त मालाच्या पत्रकांत हे सर्रास आढळतं. आणि दोन आकृत्यांच्या मध्ये वाकडा गोल बाण असेल तर सांगाडा फिरवायचा आहे. तो बाण नजरेतून सुटला की पुढची सगळी डावी-उजवी उलटी होते.

पाठ लावण्याचा टप्पा लोक सगळ्यात घाईनं उरकतात. पातळ हार्डबोर्डाला ते फक्त झाकण समजतात. प्रत्यक्षात मिनिफिक्सचे सांधे कपाटाला उभं धरतात, पण डावीकडे-उजवीकडे डोलण्यापासून फारसं वाचवत नाहीत. ते काम ही पाठ करते. सांगाडा काटकोनात असताना तिला खिळे मारले तर ती त्याला तसाच जखडून ठेवते. सांगाडा किंचित तिरका असताना मारले तर तिरकेपणही तितक्याच पक्केपणानं जखडलं जातं. पत्रकात या ठिकाणी दोन कर्ण काढून त्यांवर बरोबरीची खूण असते. म्हणजे मोजपट्टी घेऊन दोन्ही कर्ण मोजायचे. 180 बाय 80 च्या सांगाड्याचा कर्ण सुमारे 197 सेंटिमीटर येतो. एक 198 आणि दुसरा 196 आला, तर ज्याची लांबी जास्त आहे त्याच्या दोन टोकांचे कोपरे हलकेच आत दाबायचे आणि पुन्हा मोजायचं. दोन्ही सारखे झाले की मगच पहिला खिळा. खिळे फळीच्या जाडीच्या मधोमध, म्हणजे बाहेरच्या कडेपासून 9 मिलिमीटरवर, नाहीतर टोक आतल्या बाजूनं बाहेर डोकावतं. 24 खिळे चारही बाजूंना वाटले की दर 20-22 सेंटिमीटरवर एक येतो.

शेवटच्या पानावर भिंतीची पट्टी आणि चार स्क्रू उरतात. यादीत दोन स्क्रूंपुढे 4 × 16 लिहिलेलं आहे आणि दोनांपुढे 4 × 35. पहिला आकडा जाडी, दुसरा लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ज्याचं डोकं फळीत बुडतं त्या चपट्या डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, आणि ज्याचं डोकं वर राहतं त्याची डोक्याखालून. जाडी सारखी असल्यामुळे हे दोन प्रकार घाईत बदलले जातात. मग 35 चा स्क्रू 18 मिलिमीटरच्या वरच्या फळीतून आरपार जातो, आणि 16 चा भिंतीत फक्त प्लास्टरला धरून राहतो. पहिली चूक लगेच दिसते. दुसरी दिसत नाही आणि तीच धोक्याची. लांब स्क्रू भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या प्लगमध्ये, म्हणजे आपले कारागीर जिला गिट्टी म्हणतात तिच्यात, बसायला हवा आणि ती गिट्टी प्लास्टरच्या मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेलेली हवी. काही कंपन्या भिंतीचे स्क्रू देतच नाहीत, कारण भिंत कशाची आहे हे त्यांना ठाऊक नसतं. तिथे यादीत नसलेली वस्तू चित्रात दिसते. ती राहून गेलेली नसते. ती आपण आणायची असते.

हे पान गाळू नये, असं ठामपणे म्हणायला हवं. लहान मूल खणांच्या कपाटावर चढायला बघतं, खण बाहेर येतात आणि सगळं वजन पुढे कलतं. अमेरिकेत अशा अपघातांत मुलं दगावल्यानंतर आयकियानं जून 2016 मध्ये तिथली सुमारे 2 कोटी 90 लाख खणांची कपाटं परत घेण्याची घोषणा केली. ती कपाटं भिंतीला बांधण्याची सोय पत्रकात होती, पण अनेक घरांत ती बांधली गेली नव्हती. पुढे डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेनं कायदा केला, आणि सप्टेंबर 2023 पासून असं कपाट भिंतीला न बांधताही किती झुकावाला टिकलं पाहिजे याचा सक्तीचा निकष तिथे लागू झाला. पुस्तकांच्या उघड्या कपाटाला खण नसले तरी 30 सेंटिमीटर खोलीचं 180 उंच कपाट वरच्या फळ्या भरल्यावर पुढे कलायला फार जोर लागत नाही.

कपाट उभं राहिल्यावर पिशवीत एखाददुसरा डॉवेल उरला तर घाबरायचं कारण नाही. कंपन्या कधीकधी जास्तीचे देतात. पण चकती किंवा बोल्ट उरला तर यादीतल्या आकड्याशी पुन्हा ताळा करावा, कारण तिथे एक सांधा रिकामा राहिलेला असू शकतो. तुटलेला किंवा कमी आलेला भाग मागवताना दुकानाला पत्रकावरचा त्या भागाचा क्रमांक, मॉडेलचं नाव आणि खोक्यावरच्या चिठ्ठीतला क्रमांक लागतो. आयकियाच्या पत्रकात तर स्क्रू, पिन आणि किल्लीला स्वतःचा क्रमांक असतो आणि तेवढ्यावर तो सुटा भाग मिळतो. घर बदलताना कपाट खोलायचं असेल तेव्हाही हाच कागद शेवटून सुरुवातीकडे वाचायचा असतो. तेव्हा ते पत्रक आणि खोक्यावरची चिठ्ठी एका पाकिटात घालून कपाटाच्या पाठीला चिकटवून ठेवा.